पेटीची ऑर्डर तीन पानांत

देवगडच्या बागायतदाराने वाशीच्या बाजारात माल पाठवता पाठवता काही पेट्या पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट विकायचे ठरवले, की एप्रिलभर त्याचा फोन थांबत नाही. प्रश्न मात्र ठरलेले असतात. पेटी किती डझनाची? दर काय? आंबा पिकलेला येईल की कच्चा? आमच्या भागात पोचवता का? पैसे कसे पाठवायचे? वेबसाइट करायची ती या प्रश्नांसाठी. म्हणून डिझाइन निवडण्याआधी आठवडाभर येणारे प्रश्न वहीत उतरवावेत. त्या यादीतूनच वेबसाइटचा मजकूर तयार होतो.

अशा व्यवसायाला तीन पाने पुरतात. पहिल्या पानावर आंबा, पेटीचे प्रकार आणि दर. दुसऱ्यावर ऑर्डरच्या पायऱ्या आणि फॉर्म. तिसऱ्यावर बागेची माहिती, पत्ता आणि फोन. दर आणि फोन नंबर फोटोवर छापलेले नसावेत, अक्षरांत टाइप केलेले असावेत. फोटोतला नंबर दाबून फोन लावता येत नाही आणि गुगललाही तो नीट वाचता येईलच असे नाही. ‘मोठा आंबा’, ‘मध्यम आंबा’ एवढ्याने भागत नाही. पेटीत किती डझन आणि एक फळ साधारण किती ग्रॅमचे, हे लिहिले तरच ग्राहकाला दोन पेट्यांच्या दरांतला फरक कळतो. आंबा कच्चा पाठवत असाल तर तो पिकायला साधारण किती दिवस लागतात आणि तोवर कसा ठेवायचा, हे दराच्या शेजारीच सांगावे. ते वाचले नसेल तर हिरवी फळे पाहून ग्राहक तक्रारीचा फोन करणारच.

आता ऑर्डरच्या पायऱ्या. आंब्याच्या धंद्यात आधी पैसे घेणे अडचणीचे ठरते, कारण किती पेट्या निघतील हे तोड झाल्यावरच कळते. म्हणून क्रम असा ठेवावा. ग्राहक फॉर्म भरतो. बागेतून त्याला पोचवण्याचा खर्च धरून एकूण रक्कम आणि अंदाजे तारीख कळवली जाते. मग तो पैसे भरतो. पेटी रवाना झाली की त्याला निरोप जातो. ‘फॉर्म भरला म्हणजे ऑर्डर पक्की झाली असे नाही, आमचा निरोप आल्यावर ती पक्की होईल’ हे वाक्य फॉर्मच्या वर ठळक लिहावे आणि निरोप किती वेळात येईल तेही सांगावे. पैशांसाठी नुसता क्यूआर कोड देऊ नये. ग्राहक मोबाइलवरच वेबसाइट पाहत असेल, तर त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने समोरचा कोड स्कॅन करणार कसा? यूपीआय आयडी अक्षरांत द्यावा, म्हणजे तो कॉपी करता येतो.

फॉर्ममध्ये रकाने मोजकेच असावेत: नाव, मोबाइल, पेटीचा प्रकार, संख्या, पत्ता आणि पिनकोड. एक रकाना मात्र हमखास विसरला जातो. अमेरिकेतला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो, तेव्हा पेटी देणारा माणूस दारात उभा राहून फोन करतो तो अमेरिकेत, आणि तिथे मध्यरात्र असते. म्हणून ‘पेटी घेणाऱ्याचा मोबाइल’ वेगळा विचारावा. नंबरच्या रकान्याला दहा अंकांची मर्यादा घालण्याचा मोह होतो, पण कुणी पुढे ९१ लावून नंबर पेस्ट केला की शेवटचे दोन अंक गुपचूप गळतात आणि चुकीचा नंबर बरोबर वाटून स्वीकारला जातो. मर्यादा सैल ठेवलेली बरी:

```html
<input type="tel" name="receiver_mobile" maxlength="20" required>
```

`type="tel"` मुळे मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडतो.

सर्वांत महाग पडणारी चूक दिसत नाही. ग्राहकाला ‘धन्यवाद’ दिसते, पण बागेत ऑर्डर पोचतच नाही. साधे वेब पान स्वतः ईमेल पाठवू शकत नाही. त्यामागे सर्व्हरवरचा प्रोग्राम किंवा फॉर्म सेवा लागते. ती जोडताना बरेच जण ग्राहकाचा ईमेल पत्ता ‘From’ मध्ये टाकतात. त्या पत्त्यावरून मेल पाठवण्याची परवानगी आपल्या सर्व्हरला नसते, म्हणून असा मेल स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. ‘From’ मध्ये आपल्या डोमेनचा पत्ता आणि ‘Reply-To’ मध्ये ग्राहकाचा ठेवावा. शिवाय प्रत्येक ऑर्डर एखाद्या शीटमध्येही नोंदली जाईल अशी सोय करावी. हंगाम सुरू होण्याआधी वेगवेगळ्या मोबाइलवरून खोट्या ऑर्डर टाकून मेल आणि शीट ताडून पाहावे. संख्या जुळली नाही, तर गळती कुठे आहे ते तेव्हाच शोधता येते.

डोमेन बागायतदाराने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावे. वेबसाइट करून देणारा पुढच्या वर्षी सापडला नाही, तर नूतनीकरण अडते आणि पेटीवर छापलेला पत्ता हातचा जातो. पाने बदलायलाही स्वतः शिकून घ्यावे, कारण शेवटची तोड संपली त्या संध्याकाळी फॉर्म बंद करून ‘यंदाचा आंबा संपला’ असे लिहिण्याचे काम दुसऱ्या कुणाची वाट पाहत अडून राहता कामा नये.