चकली खवट निघाली, असा मेसेज आला तर

आपल्या मंडळातल्या बऱ्याच भगिनी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. माल इंदूरमध्येच नाही, तर पुणे, नागपूर, हैदराबादलाही कुरिअरने जातो. पदार्थ करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अडचण येते ती तक्रार आल्यावर. उत्तर काय लिहायचं हे सुचत नाही, म्हणून मग एक तर दोन दिवस गप्प बसलं जातं किंवा घाईघाईत असं काही लिहिलं जातं की गिऱ्हाईक कायमचं तुटतं. एक नमुन्याचा प्रसंग घेऊन हे उत्तर कसं लिहावं ते पाहू.

समजा, पुण्याच्या एका काकूंनी भाजणीची चकली एक किलो (५६० रुपये), शेव अर्धा किलो (२०० रुपये) आणि साजूक तुपात तळलेल्या करंज्या पंचवीस (७५० रुपये) मागवल्या. कुरिअरचे १८० धरून एकूण १,६९० रुपये झाले. पाडव्याच्या रात्री साडेनऊला त्यांचा मेसेज येतो : "चकलीला खवट वास येतोय. पाहुण्यांसमोर ठेवली आणि मला खाली बघायची वेळ आली. एवढे पैसे घेऊन हा माल?"

या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मालात दोष आहे, पाहुण्यांसमोर मान खाली गेली आहे आणि पैसे वाया गेल्याची भावना आहे. आपण बहुतेक वेळा फक्त पहिलीला उत्तर देतो, तेही वकिली थाटात : "आम्ही तर ताज्या तेलात तळतो, आजवर कुणाची तक्रार आली नाही." हे खरं असलं तरी काकूंना त्याचा अर्थ एकच लागतो, की तुम्ही खोटं बोलताय. त्यांना सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आहे ती दुसरी, आणि तिच्याबद्दल आपण अवाक्षर काढलेलं नसतं.

म्हणून उत्तर दोन टप्प्यांत द्यावं. पहिलं त्याच रात्री, तासाभरात. त्यात कारण सांगायचं नाही, कारण ते अजून आपल्यालाही माहीत नाही. नुसतं ऐकलंय हे कळवायचं आणि पुढचं उत्तर कधी देणार ती वेळ सांगायची :

"काकू, मेसेज वाचला. ऐन पाडव्याला पाहुण्यांसमोर असं व्हावं याचं फार वाईट वाटलं. मला माफ करा. त्याच दिवशीच्या चकलीचा डबा माझ्याकडे आहे, तो आत्ता उघडून बघते. उद्या सकाळी अकराच्या आत तुम्हाला नक्की काय करते ते कळवते. तोवर ती चकली कुणी खाऊ नका."

सहानुभूतीची ठरीव वाक्यं असतात आणि ती वापरायला हरकत नाही. पण त्यात समोरच्याच्या तक्रारीतला एक तरी तपशील हवा. "तुमच्या भावना समजू शकते" हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही. "पाहुण्यांसमोर" हा शब्द आला की काकूंना कळतं, मेसेज नीट वाचला गेलाय.

माफीच्या शब्दांतही फरक आहे. "क्षमस्व" दुकानाच्या बंद दारावरच्या पाटीवर शोभतं. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हटलं की गाडी उशिरा येत असल्याची उद्घोषणा आठवते. "सॉरी हं" फारच हलकं. आपल्या माणसाला साधं "माफ करा" पुरतं, आणि ते एकदाच. चार वेळा माफी मागितली की उलट काकूंनाच आपली समजूत काढावी लागते.

सगळ्यात घातक म्हणजे "जर" आणि "असल्यास". "आपली गैरसोय झाली असल्यास क्षमस्व" याचा अर्थ झाली की नाही याची मला शंका आहे. तसंच माफीनंतरचा "पण". "माफ करा, पण कुरिअरवाल्यांनी उन्हात ठेवलं असेल" यातलं पहिलं अर्धं वाक्य दुसऱ्याने पुसून टाकलं. कुरिअरचं म्हणणं खरं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, तपासून, वेगळ्या वाक्यात सांगावं.

संबोधनही तेच ठेवावं. ऑर्डर घेताना "काकू, तुम्ही" होतं आणि तक्रार येताच "आदरणीय ग्राहक, आपण" झालं, तर ते मानाचं वाटत नाही, दार लावून घेतल्यासारखं वाटतं. आणि ज्या भाषेत तक्रार आली त्या भाषेत उत्तर. इंदूरच्या शेजारणीने हिंदीत लिहिलं असेल तर हिंदीतच लिहावं.

आता तपासणी. चकलीच्या तक्रारी मुख्यतः दोन असतात आणि त्यांची कारणं निराळी आहेत. चकली मऊ पडली असेल तर तिने हवेतला ओलावा घेतला आहे. पिशवीचं सील सुटलं किंवा गरम असतानाच भरली, की असं होतं. वास चांगला असेल तर अशी चकली मंद ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर झाकण न ठेवता थोडा वेळ गरम करून गार होऊ दिली की बहुधा पुन्हा कुरकुरीत होते. खवटपणाचं तसं नाही. तो तेल बिघडल्याचा आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं, भाजणीतलं पीठ किंवा तीळ जुने होते, किंवा माल उजेडात आणि उन्हात राहिला, तर चरबी हवेशी संयोग पावून बिघडते. त्यावर घरगुती इलाज नाही. तो माल टाकूनच द्यायचा.

इथेच एक चूक हमखास होते : फोटो मागणं. चकलीचा चुरा झाला असेल किंवा पिशवी फाटली असेल तर फोटो मागणं रास्त आहे. वासाचा फोटो निघत नाही. खवट मालाचा फोटो मागितला की काकूंना वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. त्याऐवजी पिशवीवरची तळल्याची तारीख विचारावी, आणि पिशवी आल्यापासून उघडेपर्यंत कुठे ठेवली होती तेही विचारावं, चौकशी वाटणार नाही अशा सुरात.

खरा पुरावा आपल्याच घरात असायला हवा. प्रत्येक दिवशीच्या मालातली पाव किलोची एक पिशवी, गिऱ्हाइकाला देतो तशाच पॅकिंगमध्ये, तारीख घालून महिनाभर बाजूला ठेवावी. तक्रार आली की ती उघडायची. चकली हातात चुरडून तळहाताच्या उबेत धरली की वास पटकन कळतो. खाल्ल्यावर घशाशी खवखवली तर शंका उरत नाही. आपलीही पिशवी खवट निघाली तर दोष तेलाचा किंवा पिठाचा, म्हणजे आपला. आपली चांगली निघाली तर वाटेत किंवा तिकडे काहीतरी झालं असावं. असावं, एवढंच. पिशवीचं सील कच्चं राहिलं असेल तर तोही आपलाच भाग.

समजा, राखून ठेवलेली पिशवी खवट निघाली. वहीत पाहिल्यावर आठवलं, त्या दिवशी शेव आणि चकली एकाच तेलात तळली होती, करंज्या मात्र वेगळ्या तुपात. मग सकाळचं दुसरं उत्तर असं :

"काकू, तुमचं बरोबर आहे. माझ्याकडच्या चकलीलाही वास आहे. तेल बदलायला हवं होतं, ते मी बदललं नाही. शेवही त्याच तेलातली आहे, तीही खाऊ नका. करंज्या साजूक तुपातल्या आहेत, मी आत्ता खाऊन पाहिल्या, चांगल्या आहेत. चकलीचे ५६०, शेवेचे २०० आणि कुरिअरचे १८० असे ९४० रुपये आज दुपारी दोनपर्यंत तुम्ही ज्या नंबरवरून पाठवले होते त्यावरच परत करते. माल परत पाठवू नका, टाकून द्या. पैशांऐवजी ताजी चकली आणि शेव हवी असेल तर शुक्रवारी तळून शनिवारी पाठवते, कुरिअर माझ्याकडे. तुम्हाला काय सोयीचं ते सांगा."

यात "बघते काय करता येईल ते" किंवा "लवकरात लवकर" असं कुठेही नाही. रक्कम आहे, तिची फोड आहे, वेळ आहे आणि काकूंना काय करायचं नाही तेही आहे. पैसे आधी, बदली माल नंतर, हा क्रमही मुद्दाम ठेवला आहे. पाहुणे येऊन गेले. भाऊबीज उरकल्यावर पोचणारी चकली ही आपल्याला भरपाई वाटते, काकूंना कदाचित ती नको असते. माल परत मागवू नये हेही व्यवहाराचं आहे. खवट चकली परत आणायला जवळपास कुरिअरचेच १८० रुपये पुन्हा लागतील. पुढच्या वेळी दहा टक्के सूट, ही भरपाई नव्हे. आज नाराज असलेल्या माणसाला पुन्हा खरेदी करायला सांगणं आहे.

काकूंनी करंज्यांसकट पूर्ण १,६९० मागितले तर? माझं मत, एकदा विचारावं : "करंज्यांनाही वास आहे का?" हो म्हणाल्या तर वाद न घालता द्यावेत. नाही म्हणाल्या आणि तरी मागितले, तर करंज्यांचे पैसे देता येणार नाहीत हे शांतपणे सांगायला हरकत नाही. सहानुभूती म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणं नव्हे.

कायद्याची बाजू थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष मालाबद्दल ग्राहकाला दाद मागता येते, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक पुष्कळांना माहीत असतो. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात, अशी मुदत आहे. घरगुती फराळात मात्र ४८ तास फार झाले. दिवाळी तेवढ्यात संपते.

काकूंचे पैसे परत गेले म्हणजे काम संपलं असं नाही. वहीत पाहा, त्या दिवशीची चकली आणि शेव आणखी कुणाकुणाकडे गेली. समजा सात घरं निघाली. त्यांतल्या एखाद्याच घरून तक्रार येईल. बाकीचे काही न बोलता पुढच्या वर्षी दुसरीकडून घेतील, आणि तोवर तो खवट माल त्यांच्या मुलांच्या पोटात जाईल. त्यामुळे तक्रारीची वाट न पाहता त्याच सकाळी प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवावा :

"नमस्कार वहिनी. तुम्हाला पाठवलेल्या चकलीच्या आणि शेवेच्या तेलात दोष होता असं आज माझ्या लक्षात आलं. कृपया एकदा वास घेऊन बघा. थोडाही खवट वाटला तर खाऊ नका, मला फक्त 'खवट' एवढंच लिहा. दोन्हीचे पैसे त्याच दिवशी परत करते."

सातांपैकी दोघीतिघी "आमची छान होती, संपलीसुद्धा" असं लिहितील. त्यांना "कळवलंत, बरं झालं" एवढंच उत्तर पुरे. ज्या "खवट" लिहितील त्यांच्याकडून तारीख, फोटो काही न मागता पैसे पाठवावेत आणि वहीत त्यांच्या नावापुढे खूण करावी, म्हणजे पुढच्या दिवाळीला त्यांची चकली नव्या तेलाच्या पहिल्या घाण्यातून काढून ठेवता येईल.