व्हॉट्सअ‍ॅपवरची तक्रार, फाइलमधली नोंद

मसाल्याच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगची पुठ्ठ्याची खोकी आली आहेत. स्टोअर सांभाळणारा माणूस गठ्ठे सोडतो, काही खोकी ओली दिसतात आणि तो पुरवठादाराला लगेच व्हॉट्सअ‍ॅप करतो : ‘कालचा माल परत खराब. ४० पीस गेले. पेमेंट होल्ड. लवकर बघा.’ त्या क्षणी दोघांनाही सगळं कळतं. पण मार्चमध्ये अकाउंटंट बिल आणि खातेवही जुळवायला बसला, की या ओळींवरून त्याला काहीच करता येत नाही. ‘काल’ म्हणजे कोणती तारीख? कोणतं बिल? खराब म्हणजे फाटकी, ओली की चुकीच्या मापाची? आणि पैसे सगळ्या बिलाचे थांबवले की ४० खोक्यांचेच?

नोंदीत जाणारं पत्र या प्रश्नांची उत्तरं देतं. त्यासाठी लिहिण्याआधी चलन, बिल आणि मोजणी समोर घ्यावी लागते. आपल्या उदाहरणात मागणी ५०० खोक्यांची होती, दर ३८ रुपये. त्यावरून त्याच मजकुराचं पत्र असं होईल :

‘विषय : चलन क्र. २१८, दि. १४ जुलै – ४० खोकी ओली आल्याबाबत.

सप्रेम नमस्कार. वरील चलनाची ५०० खोकी १४ जुलैला दुपारी मिळाली. १५ जुलैला सकाळी गठ्ठे सोडून मोजणी केली तेव्हा ४६० खोकी चांगली होती, ४० खोक्यांचा तळ ओला होऊन पुठ्ठ्याचे थर सुटले होते. फोटो सोबत जोडले आहेत. ही ४० खोकी आम्ही वापरलेली नाहीत, वेगळी ठेवली आहेत. आपला माणूस येऊन पाहू शकतो. या खोक्यांची रक्कम रु. १,५२० व त्यावरील जीएसटी यांची क्रेडिट नोट कृपया १९ जुलैपर्यंत पाठवावी. उरलेल्या ४६० खोक्यांचे रु. १७,४८० व जीएसटी ठरल्या तारखेला जमा करू. याबाबतचा संदेश आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आहे.’

मूळ संदेशातला ‘परत’ हा शब्द इथे गळला आहे. मागच्या खेपेचा चलन क्रमांक हाताशी असेल तर तो स्वतंत्र वाक्यात लिहावा. नुसता ‘परत’ हा टोमणा ठरतो आणि पुरवठादार खोकी पाहण्याऐवजी त्या शब्दाशी भांडतो. ‘खराब’ या शेऱ्याच्या जागी डोळ्यांना दिसलेलं आलं. ‘टेम्पोवर ताडपत्री नव्हती’ हे मात्र लिहिलं नाही, कारण टेम्पो उतरवताना ते कुणी पाहिलेलं नाही. अंदाज खोटा ठरला, तर बाकीच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

पत्रातलं सौजन्यही नीट पाहावं. ‘कृपया’ एकदाच आलं आहे. खरा मान राखला आहे तो ४६० खोकी चांगली असल्याचं मान्य करून, त्यांचे पैसे देण्याचा शब्द देऊन आणि समोरच्याला येऊन खात्री करायची मुभा ठेवून. उलट ‘शक्य झाल्यास, सवडीने पाहावे’ असं लिहिलं असतं, तर मागणीच उरली नसती. भाषा मऊ असावी. आकडा आणि तारीख ठाम असावी.

हे वेळेत लिहिण्याला कायद्याचंही कारण आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार माल नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्याचं धरलं जातं. पुरवठादार ‘उद्यम’ नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा अधिक नेमका आहे : माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा. हरकत घेतली असेल, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस धरतात. पैसे देण्याची मुदत या दिवसापासून मोजली जाते आणि लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. म्हणून ‘लवकर बघा’ म्हणून थांबणं खरेदीदाराला महागात पडू शकतं.

पत्रावर ते लिहिलं त्याच दिवसाची तारीख घालावी, मागची नव्हे. मूळ चॅटही पुसू नये. तक्रार पहिल्यांदा कधी कळवली याचा तो पुरावा आहे. ईमेल पुरवठादाराच्या ऑर्डर पाहणाऱ्या आणि हिशेब पाहणाऱ्या, दोघांनाही पाठवावा आणि त्याची प्रत बिलालाच जोडून ठेवावी. पाठवण्याआधी ते खेपेची काहीच माहिती नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावं. किती रक्कम द्यायची आणि किती वळती करायची, हे त्याला फोन न करता सांगता आलं, तर पत्र जमलं.