शिल्लक ४२,९०० रुपये, पण वापरता येतात फक्त २४,९००! छोट्या संस्थेचा जमा-खर्च नेमका कसा लावायचा?

एप्रिल महिना. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात एका गावात छोटीशी नोंदणीकृत संस्था आहे असं समजू. गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवायची आणि जूनमध्ये शाळा उघडली की गरजू मुलांना दप्तर-वह्या द्यायच्या, एवढंच तिचं काम. ऑफिस म्हणजे एक कपाट. कपाटात दोन पावती पुस्तकं, बँकेचं पासबुक आणि एका कॅरीबॅगमध्ये वर्षभराची बिलं.

३१ मार्चला वर्ष संपलं. बैठकीत कोणीतरी विचारतं, "आपल्याकडे शिल्लक किती?" खजिनदार सांगतात, "४२,९०० रुपये." लगेच दुसरा म्हणतो, "मग वर्धापन दिनाला मांडव घालू, पाहुणे बोलवू. तीस हजारांत होऊन जाईल."

गडबड इथेच होते. कारण त्या ४२,९०० रुपयांतले १८,००० रुपये मांडवाला लावता येत नाहीत. का, ते जमा-खर्च पत्रक नीट बनवलं की आपोआप दिसतं.

हे पत्रक म्हणजे काय?

ऑडिटर याला 'रिसिट्स अँड पेमेंट्स अकाउंट' म्हणतात. साध्या भाषेत, वर्षाच्या सुरुवातीला हातात आणि बँकेत किती पैसे होते, वर्षभरात किती आले, किती गेले आणि शेवटी किती उरले याचा हिशेब.

यात फक्त प्रत्यक्ष आलेले आणि गेलेले पैसे धरतात. कोणी "पुढच्या महिन्यात पाच हजार देतो" म्हणालं, तर ते इथे येत नाहीत. मार्चचं लाईट बिल एप्रिलमध्ये भरलं, तर ते पुढच्या वर्षात जातं. कोणी पैशांऐवजी दहा खुर्च्या दिल्या, तर त्यांची नोंद वस्तूंच्या रजिस्टरमध्ये होते, या पत्रकात नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३२ नुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला नियमित हिशेब ठेवावे लागतात. कलम ३३ नुसार ते दरवर्षी जुळवून तपासून घ्यावे लागतात. धर्मादाय कार्यालयासाठी ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक ठरलेल्या नमुन्यात लागतं. जमा-खर्च पत्रक त्याची जागा घेत नाही. पण ऑडिटर पुढचं सगळं त्यावरूनच उभं करतो, त्यामुळे पाया चुकला की वरचंही चुकतं.

पहिलं काम: पावत्यांचे नंबर लावा

सुरुवात रकमेपासून नको, नंबरांपासून करा. पावती पुस्तकातली स्थळप्रत, म्हणजे देणगीदाराला पावती फाडून दिल्यावर पुस्तकात राहणारी प्रत, एकामागोमाग एक बघत जा. १ ते १०० च्या पुस्तकात ४७ नंबर गायब असेल तर तिथेच थांबा. पावती चुकली असेल तर तिच्या दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून त्या पुस्तकातच ठेवायच्या असतात. फाडून फेकलेली पावती आणि खिशात गेलेले पैसे बाहेरून सारखेच दिसतात.

मग प्रत्येक पावतीसाठी तीन गोष्टी लिहा: रक्कम, पैसे रोख आले की बँकेत, आणि देणगी कशासाठी दिली. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. पावतीवर "अभ्यासिकेच्या पुस्तकांसाठी" असं लिहिलं असेल, तर ती देणगी वेगळ्या रकान्यात गेली पाहिजे.

आता उलट बाजूने तपासा. पासबुकात जमा झालेली प्रत्येक रक्कम घ्या आणि तिची पावती शोधा. क्यूआर कोड लावल्यापासून इथे बऱ्याच गोष्टी निसटतात. कोणीतरी ५०१ रुपये पाठवतं, पण पावती फाडायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. काही वेळा पैसे कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यावर येतात आणि संस्थेच्या पासबुकात दिसतच नाहीत. असे पैसे वर्ष संपण्याआधी संस्थेच्या खात्यात भरून घ्यायला हवेत.

दुसरं काम: व्हाउचर

दुकानदाराचं बिल म्हणजे व्हाउचर नव्हे. व्हाउचर हा संस्थेचा कागद असतो. पैसे कोणाला दिले, कशासाठी, कधी, रोख की चेकने, मंजुरी कोणाची आणि घेणाऱ्याची सही, हे त्यावर असतं. बिल त्याला जोडायचं. ऑटोवाल्याकडून बिल मिळत नाही, तिथे सही केलेलं व्हाउचर हाच पुरावा.

बिल थर्मल कागदावर असेल तर लगेच झेरॉक्स काढून जोडा. त्यावरची शाई काही महिन्यांत उडते आणि ऑडिटच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.

उचल हा आणखी एक सापळा. कार्यकर्ता हिंगोलीला स्टेशनरी आणायला ३,००० रुपये घेऊन जातो, २,२०० चं बिल आणतो आणि ८०० परत करतो. खर्च २,२०० च. पण ३१ मार्चला बिल आलेलंच नसेल, तर ३,००० रुपये 'स्टेशनरी' नाही, 'उचल' म्हणून दाखवायचे. नाहीतर न झालेला खर्च झाल्यासारखा दिसतो.

आता आकडे मांडू

आपल्या उदाहरणातल्या संस्थेचं वर्ष असं आहे.

१ एप्रिलची शिल्लक: रोख २,३०० + बँक १८,७०० = २१,००० रुपये. ही सगळी सर्वसाधारण कामाची आहे.

वर्षभरातली जमा:
- सर्वसाधारण देणग्या: ६४,००० (रोख २४,०००, बँक ४०,०००)
- पुस्तकांसाठी देणगी: ५०,००० (बँक)
- बँकेचं व्याज: ९००
- एकूण: १,१४,९००

वर्षभरातला खर्च:
- अभ्यासिकेचं भाडं आणि लाईट बिल: ३०,००० (बँक)
- पुस्तकं: ३२,००० (बँक)
- दप्तर-वह्या: २६,५०० (रोख १२,५००, बँक १४,०००)
- प्रवास आणि स्टेशनरी: ४,२०० (रोख)
- बँक चार्जेस: ३००
- एकूण: ९३,०००

२१,००० मध्ये १,१४,९०० मिळवले की १,३५,९०० होतात. त्यातून ९३,००० वजा केले की उरतात ४२,९००.

पण इतक्यावर थांबायचं नाही. ही शिल्लक कुठे आहे, हेही दाखवावं लागतं. वर्षात ५,००० रुपये रोख बँकेत भरले होते. ते देणगीत पुन्हा धरायचे नाहीत, कारण पैसे संस्थेतच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. अनेक पत्रकांत जमा फुगते ती याच चुकीमुळे.

रोख: २,३०० + २४,००० − १२,५०० − ४,२०० − ५,००० = ४,६००.

बँक: १८,७०० + ४०,००० + ५०,००० + ९०० + ५,००० − ३०,००० − ३२,००० − १४,००० − ३०० = ३८,३००.

दोन्ही मिळून ४२,९००. हिशेब जुळला.

पासबुकात वेगळाच आकडा दिसला तर?

या संस्थेचं पासबुक ३१ मार्चला ४४,३०० रुपये दाखवतं, म्हणजे सहा हजार जास्त. घाबरायचं कारण नाही. २८ मार्चला दप्तरवाल्याला ६,००० चा चेक दिला होता आणि तो ३ एप्रिलला वटला. संस्थेच्या दृष्टीने पैसे गेले, बँकेच्या दृष्टीने अजून गेले नव्हते. ४४,३०० मधून ६,००० वजा केले की ३८,३०० येतात. हा जुळणीचा कागद पत्रकासोबत लावायचा.

रोख मात्र अशी जुळवता येत नाही. ती ३१ मार्चच्या संध्याकाळी प्रत्यक्ष मोजायची आणि दोघांनी सही करायची. जूनमध्ये बसून "तेव्हा ४,६०० असतील" असं लिहिण्याला अर्थ नाही.

फरक राहिलाच, तर एक जुनी युक्ती वापरून बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का? जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाल्याची शक्यता असते. १,२८० चं व्हाउचर १,८२० असं लिहिलं गेलं, तर फरक ५४० येतो. त्याला ९ ने भाग जातो. फरक जुळवण्यासाठी 'किरकोळ खर्च' टाकून द्यायचा मोह मात्र टाळा. ऑडिटर त्याच ओळीचं व्हाउचर मागतो.

मग १८,००० कुठून आले?

पुस्तकांसाठी ५०,००० आले आणि ३२,००० खर्च झाले. उरलेले १८,००० संस्थेच्या खात्यात आहेत, पण ते पुस्तकांसाठीच आहेत. देणगीदाराने ते त्याच अटीवर दिले. त्यामुळे पत्रकाच्या शेवटी शिल्लक अशी फोडून लिहायची:

- पुस्तक निधी, अखर्चित: १८,०००
- सर्वसाधारण शिल्लक: २४,९००
- एकूण: ४२,९००

२४,९०० हा आकडा वेगळ्या वाटेनेही तपासता येतो. सुरुवातीचे २१,०००, अधिक सर्वसाधारण देणग्या ६४,००० आणि व्याज ९००, वजा पुस्तकं सोडून झालेला ६१,००० खर्च. उत्तर तेच येतं. दोन वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे देणग्यांची विभागणी बरोबर झाली.

यासाठी बँकेत वेगळं खातं उघडलंच पाहिजे असं नाही. वहीत वेगळा रकाना पुरतो. पण सर्वसाधारण शिल्लक उणे आली, तर समजायचं की भाडं किंवा दप्तरं पुस्तकांच्या पैशातून गेली. खात्यात पैसे दिसत असल्यामुळे वर्षभर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढच्या वर्षी १ एप्रिलला सुरुवातीची शिल्लकही अशीच दोन भागांत लिहायची. एकदा ती नुसती "४२,९००" अशी लिहिली गेली, की १८,००० ची ओळख पुसली जाते. खजिनदार बदलला तर ती परत सापडतही नाही.

बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर आता सरळ आहे. तीस हजारांचा मांडव घालायला संस्थेकडे पैसे नाहीत. सर्वसाधारण शिल्लक २४,९०० आहे आणि त्यातूनच नव्या वर्षाचं भाडं सुरू होणार आहे. अठरा हजारांची पुस्तकं मात्र जूनच्या आधी आणता येतील, आणि ज्याने पन्नास हजार दिले त्याला बिलांसकट हिशेब दाखवता येईल.