मेट्रोच्या दारात विळी, स्टोव्ह आणि लोणच्याची बरणी

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रातली शेकडो मुलं दरवर्षी दिल्लीला जातात. त्यांतलाच एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. नगरहून झेलम एक्स्प्रेसने तो नवी दिल्ली स्टेशनवर उतरतो. मेट्रोने एकच स्टेशन पुढे राजीव चौक, तिथे गाडी बदलायची आणि निळ्या मार्गाने करोलबाग गाठायचं. ओल्ड राजेंद्रनगरची खोली तिथून जवळ. मेट्रोत तो याआधी कधी बसलेला नाही. पाठीवर पुस्तकांची सॅक, हातात एक मोठी सुटकेस. सुटकेसमध्ये आईने भरून दिलेला अर्धा संसार आहे: लोणच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, तेलाची बाटली, घडीची विळी आणि रॉकेलचा छोटा स्टोव्ह. स्टोव्हच्या टाकीत अजून थोडं रॉकेल शिल्लक आहे.

यातलं काय आत जाईल आणि काय दारातच अडेल?

पहिली अडचण वस्तूंची नव्हे, आकाराची. दिल्ली मेट्रोत एका प्रवाशाला एकच बॅग नेता येते. तिचं वजन 25 किलोपर्यंत आणि माप 80 बाय 50 बाय 30 सेंटिमीटरच्या आत असावं लागतं. विमानतळाच्या मार्गावर वजनाची सवलत 32 किलोपर्यंत आहे. पाठीवरच्या सॅकवरून सहसा कुणी हुज्जत घालत नाही, पण दोरीने बांधलेली बोचकी, गोण्या आणि गाठोडी नियमात बसत नाहीत. रेल्वेच्या डब्यात सीटखाली सरकवलं की संपलं, ही आपली सवय इथे चालत नाही.

आता तपासणी. ती तिकिटाच्या फाटकाच्या अलीकडे होते आणि दिल्लीत ती सीआयएसएफचे जवान करतात. एप्रिल 2007 पासून दिल्ली मेट्रोची सुरक्षा या दलाकडे आहे. पुरुष आणि महिला यांच्या रांगा वेगळ्या असतात. आधी सामान क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर ठेवायचं. मग प्रवाशाने धातुशोधक चौकटीतून पुढे जाऊन छोट्या चौथऱ्यावर हात पसरून उभं राहायचं. जवान हातातलं यंत्र अंगावरून फिरवतो आणि गरज वाटली तर हातानेही चाचपतो. महिलांची झडती महिला जवानच घेतात, तीही पडद्याआड. गर्दी नसेल तर सगळं मिनिटभरात आटपतं. पेसमेकर बसवलेला असेल तर चौकटीत शिरण्याआधीच तसं सांगावं, कार्ड दाखवावं आणि हाताने तपासायला सांगावं.

यंत्रामागच्या पडद्याकडे बघत बसलेल्या माणसाला बॅगेत वस्तू दिसतात त्या रंगांत. कागद, कापड, अन्न, प्लॅस्टिक यांची छटा नारिंगी असते. लोखंड, पोलाद निळं दिसतं, तर हलके धातू आणि सरमिसळ हिरवट. किरण ज्यातून पार होत नाहीत ते काळं पडतं. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याची पुस्तकांची सॅक, जी त्याला सगळ्यात निर्धोक वाटते, तीच पुन्हा पट्ट्यावर घालायला सांगितली जाण्याची शक्यता असते. जाडजूड पुस्तकांची चळत म्हणजे गडद नारिंगी ठोकळा. त्याच्या आड काय आहे ते नीट कळत नाही. बॅग उघडायला लावली म्हणजे आपल्यावर संशय आला, असं समजायचं कारण नाही. पुस्तकं वर काढून दाखवली की काम भागतं.

सुटकेसमधलं लोणचं, चटणी आणि तेल बिनदिक्कत जातं. विमानतळावर हातातल्या सामानात काही मार्गांवर द्रवाची बाटली 100 मिलिलिटरच्या वर चालत नाही; मेट्रोत तसं बंधन नाही. पाण्याची बाटलीही नेता येते. खाणं सोबत न्यायला हरकत नाही, मात्र गाडीत डबा उघडून बसायचं नाही.

विळी अडते. धारदार वस्तू बंदीच्या यादीत आहेत आणि विळीचं पातं चांगलंच लांब असतं. 2017 मध्ये महिलांना स्वसंरक्षणासाठी चार इंचांपर्यंत पात्याचा चाकू नेण्याची मुभा देण्यात आली, पण विळी त्या मापात बसणार नाही. ‘भाजी चिरायची आहे’ हे खरं असलं तरी जवानाला हेतू तपासता येत नाही, पातं मोजता येतं. कारागिरांच्या हत्यारांनाही असंच माप लावलेलं आहे. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सात इंचांपेक्षा, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटरपेक्षा लांब नको. रोज कामावर जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनने ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी.

स्टोव्ह मात्र चुकूनही नेऊ नये. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, थिनर, फटाके, गॅसचं सिलिंडर यांना कोणत्याही प्रमाणात सूट नाही. मूठभर रॉकेलसाठी एवढी कडकाई कशाला, असं वाटत असेल तर दक्षिण कोरियातल्या देगू शहराची हकिकत ऐकावी. 18 फेब्रुवारी 2003 रोजी एका माणसाने तिथल्या भुयारी गाडीत पेट्रोलसारखं ज्वालाग्राही द्रव्य पेटवलं. पाहता पाहता डबे पेटले. तेवढ्यात समोरून दुसरी गाडी येऊन शेजारी थांबली आणि आग तिलाही लागली. वीज गेली, दारं बंद राहिली, भुयारात धूर कोंडला. 192 माणसं दगावली आणि त्यांतले बहुतेक त्या दुसऱ्या गाडीतले होते. उघड्या रस्त्यावर पळून जाता येतं. जमिनीखाली पळायच्या वाटा मोजक्या असतात आणि धूरही त्याच वाटांनी येतो.

आपल्याकडे 2002 च्या मेट्रो रेल्वे कायद्यात धोकादायक माल आत आणल्यास चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ती याच भीतीपोटी.

यादीतल्या काही नोंदी मात्र कुणाच्याही मनात येणार नाहीत अशा आहेत. त्यात मानवी अस्थी आणि राखेचाही उल्लेख आहे. दिल्लीहून हरिद्वारला अस्थिकलश घेऊन निघालेल्या कुटुंबाला हा नियम जड वाटेल, पण तो लेखी आहे. त्यांनी टॅक्सी किंवा रिक्षा पाहावी. दारूच्या बाबतीत नियम उलट सैल झाला. 2023 पासून एका प्रवाशाला दोन सीलबंद बाटल्या नेता येतात. त्याआधी ही मुभा फक्त विमानतळाच्या मार्गावर होती. मेट्रोच्या आवारात पिणं आजही गुन्हा आहे. शिवाय ही गाडी दिल्लीची हद्द ओलांडून नोएडा आणि गुरुग्रामला जाते, आणि तिथे त्या त्या राज्याचा अबकारी कायदा लागू होतो.

बंदीची वस्तू सापडली की दर वेळी पोलीस येतात असं नाही. विळीसारख्या वस्तूसाठी दोनच पर्याय उरतात: ती तिथेच सोडायची किंवा परत फिरायचं. सामान सांभाळून ठेवायची सोय तपासणीच्या जागी नसते. बंदुकीची गोळी सापडली तर मात्र गोष्ट वेगळी. एकच, जुनी, बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेली असली, तरी प्रकरण पोलिसांकडे जातं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. ‘बॅग मामाची आहे’ या सबबीने तिथे सुटका होत नाही.

मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रोलाही तोच 2002 चा कायदा लागू आहे. रोजच्या व्यवहारात फरक दिसतो, तो सुरक्षा कोणाकडे आहे आणि तपासणी किती बारकाईने होते यात. पुण्यात आणि नागपुरात तर सायकल घेऊनही गाडीत चढता येतं. म्हणून एका शहरातला अनुभव दुसऱ्या शहरात गृहीत धरू नये.

नगरच्या मुलाने निघण्यापूर्वीच स्टोव्ह आणि विळी घरी ठेवावी. दोन्ही वस्तू करोलबागेत मिळतात. एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर दिल्ली मेट्रोच्या 155370 या क्रमांकावर आधी विचारून घ्यावं. आणि तपासणीनंतर पट्ट्यावरून आपलीच बॅग उचलली ना, ते एकदा पाहावं. काळ्या रंगाच्या सॅक तिथे एकामागोमाग एक येत असतात.