दोन संध्याकाळी, आठ पानं

पटकथा गोष्टीच्या क्रमाने लिहिलेली असते, पण तिचं चित्रीकरण त्या क्रमाने क्वचितच होतं. एकाच स्वयंपाकघरातले दोन प्रसंग पटकथेत चार पानांच्या अंतरावर असले तरी कॅमेरा आणि दिवे तिथे एकदाच लावायचे असतात. म्हणून चित्रीकरणाआधी पटकथा सुटी करून वेगळ्या क्रमाने लावावी लागते. सुटं करण्याच्या कामाला ब्रेकडाउन म्हणतात आणि नव्या क्रमाला शेड्यूल. व्यावसायिक चित्रपटात ही जबाबदारी पहिल्या सहायक दिग्दर्शकाची असते. विद्यार्थ्यांच्या गटातही ती दिग्दर्शकाशिवाय दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, कारण शॉट गाळण्याची वेळ येते तेव्हा ज्याचा त्या शॉटवर जीव असतो त्याला घड्याळ दिसत नाही.

उदाहरणादाखल पुण्यात डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी चित्रित करायची आठ पानांची पटकथा घेऊ. तिच्यात तीन पात्रं आहेत: आजी, नात आणि नातीचा मित्र. प्रसंग आठ. पहिला सकाळी स्वयंपाकघरात, दुसरा दिवसा चहाच्या टपरीवर, तिसरा रात्री आजीच्या खोलीत, चौथा तिन्हीसांजेला गच्चीवर, पाचवा रात्री स्वयंपाकघरात, सहावा रात्री गल्लीत, सातवा दिवसा खोलीत आणि आठवा पहाटे पुन्हा टपरीवर.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजणं. त्यासाठी पानाचे आठ समान भाग धरतात, एक भाग साधारण इंचभर उंचीचा. या पटकथेत टपरीचा पहिला प्रसंग दीड पानाचा, म्हणजे बारा भागांचा आहे, तर गल्लीचा प्रसंग जेमतेम अर्ध्या पानाचा. मात्र पानांवरून पडद्यावरचा वेळ कळतो, चित्रीकरणाचा नाही. टपरीवर दोघं बसून बोलतात. पाच ठिकाणी कॅमेरा लावला की प्रसंग संपतो. गल्लीच्या अर्ध्या पानात मित्र सायकलवरून येतो, थांबतो, वळतो, नात मागे धावते. त्यालाही पाचच जागा लागतात आणि वर अंधारात दिवे लावायचे. म्हणून लांबी मोजून झाल्यावर प्रत्येक प्रसंगासमोर कॅमेऱ्याच्या जागांची, म्हणजे सेटअपची संख्या लिहावी. नवख्या गटाने एका सेटअपला सरासरी पंचवीस मिनिटं धरावीत.

त्यानंतर पटकथा पुन्हा वाचायची, ती फक्त वस्तूंसाठी. प्रत्येक प्रसंगाचा एक कागद करून त्यावर पात्रं, कपडे, प्रॉपर्टी, आवाज आणि खास गरजा लिहायच्या. खरी कसोटी न लिहिलेल्या गोष्टी शोधण्याची असते. या पटकथेत पाचव्या प्रसंगात आजीचा कप फुटतो आणि तुकडे उचलताना नातीचं बोट कापतं. पटकथेत पुढे पट्टीचा उल्लेख कुठेच नाही, तरी सहाव्या, सातव्या आणि आठव्या प्रसंगात तिच्या बोटावर पट्टी असलीच पाहिजे. टपरीवरचे दोन्ही प्रसंग एकाच दिवशी होणार आहेत. दुसऱ्यात बोट मोकळं, आठव्यात पट्टी. हे कागदावर नसेल तर चूक संकलनाच्या टेबलावर सापडते आणि तोवर सगळे घरी गेलेले असतात. कपाचंही तसंच. तिसऱ्या प्रसंगात तो अखंड आहे, पाचव्यात फुटतो, सातव्यात चिकटवलेला दिसतो. म्हणजे अखंड एक, आधीच चिकटवून ठेवलेला एक आणि फोडण्यासाठी निदान तीन असे एकसारखे पाच कप आणावे लागतात.

आता क्रम लावायचा. प्रत्येक प्रसंगाची एक कागदी पट्टी कापून त्यावर क्रमांक, जागा, पात्रं, लांबी आणि सेटअप लिहितात. प्रचलित रंगसंगतीत घरातल्या दिवसाला पांढरी पट्टी, बाहेरच्या दिवसाला पिवळी, घरातल्या रात्रीला निळी आणि बाहेरच्या रात्रीला हिरवी असते. पट्ट्या टेबलावर पसरून सरकवायच्या. सरकवताना आधी तीच गोष्ट पक्की करायची जी हलूच शकत नाही.

इथे आजीचं काम करणाऱ्या बाई फक्त शनिवारी, पाचपर्यंत मोकळ्या आहेत. त्यामुळे घरातले चारही प्रसंग शनिवारी आले. पण त्याहून न हलणारी गोष्ट म्हणजे प्रकाश. पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतरचा मऊ उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. गच्चीच्या प्रसंगाला तोच उजेड हवा. टपरीची पहाट खऱ्या पहाटे घ्यायची तर रविवारी पाचलाच सगळ्यांना उठवावं लागेल, आणि गल्लीची रात्र त्याच दिवशी असल्याने दिवस पंधरा तासांवर जाईल. गल्ली शनिवारी रात्री घेतली तर झोप उरत नाही. आणि दमलेला माणूस मेमरी कार्ड पुसून बसतो.

यातून वाट निघते ती पहाटेचा प्रसंग संध्याकाळी घेऊन. सूर्य नसलेला उजेड दोन्ही वेळी बराचसा सारखाच असतो. फरक सांगतात ते रस्त्यावरची गर्दी, दुकानांचे दिवे आणि आवाज. आठव्या प्रसंगात दोनच शॉट आहेत. ते नातीचा चेहरा, किटलीची वाफ आणि काचेचा ग्लास एवढ्यावर आवळून घेतले तर रस्ता दिसत नाही. पक्ष्यांचा आणि खराट्याचा आवाज कुणीतरी एका सकाळी वेगळा मुद्रित करून आणावा. संध्याकाळचे असे दोनच तुकडे हाती आहेत: शनिवारचा गच्चीला गेला, रविवारचा टपरीला. दोन्ही एका दिवशी बसत नाहीत, कारण उजेड सामान हलवण्याइतका वेळ थांबत नाही.

मग बाकीचं आपोआप जागेवर पडतं. शनिवारी सातला जमायचं, आठला पहिला शॉट. सकाळचं ऊन असतानाच स्वयंपाकघरातला पहिला प्रसंग, मग खिडकीला काळं कापड लावून तिथेच रात्रीचा पाचवा. जेवणानंतर खोलीत तसंच: आधी सातवा, मग खिडकी झाकून तिसरा. घरातले सोळा सेटअप म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं, जेवण पाऊण तास, खिडक्या झाकायला एक तास. हिशेब चार पंचविसाला संपतो, म्हणजे आजींना सोडण्याआधी पस्तीस मिनिटं हाती राहतात. एखादा ट्रक हॉर्न वाजवत राहिला तर तीच खर्ची पडतात. सव्वापाचला गच्चीवर तालीम, साडेसहाला सामान बंद.

रविवारी बाराला जमायचं. सव्वा ते चार टपरीचा दुसरा प्रसंग, त्यानंतर नातीचे कपडे आणि बोटाची पट्टी, साडेपाचला कॅमेरा तयार ठेवून उजेडाची वाट पाहायची. अंधार पडल्यावर गल्लीत दिवे, साडेसात ते साडेनऊ चित्रीकरण. टपरीवाल्याची परवानगी आधीच घ्यावी आणि रविवारी दुपारी टपरी उघडी असते का हेही तेव्हाच विचारावं. शनिवारी ढगांनी गच्ची बिघडवली तर रविवारी पहाटे कॅमेरा आणि नात असे दोघं-तिघंच जाऊन तोच प्रसंग घेऊ शकतात. पहाट तेव्हा तिन्हीसांजेचं काम करते.

शेवटी प्रत्येक प्रसंगातल्या सेटअपना अग्रक्रम द्यायचा. ज्यांच्याशिवाय गोष्ट कळणार नाही ते आधी, शोभेचे नंतर. कप फुटण्याचा प्रसंग अर्धा तास मागे पडला तर सहायक दिग्दर्शकाने यादीच्या तळापासून शॉट गाळायला सुरुवात करावी. शुक्रवारी संध्याकाळी कॉल शीट सगळ्यांच्या फोनवर पोहोचलेली असावी. तिच्यात कुणी किती वाजता कुठे यायचं, प्रसंगांचा क्रम, सूर्यास्ताची वेळ, जेवणाची वेळ आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता एवढं असलं की पुरतं.