‘झोपलीस का?’ला उत्तर

ब्रेकअप होऊन दोन महिने झालेले असतात, तरी रात्री सव्वा वाजता ‘झोपलीस का?’ येतोच. उत्तर गेलं नाही की ‘एकच मिनिट बोलायचंय’, मग तीन मिस्ड कॉल, मग ‘सॉरी’. सकाळी मात्र शुकशुकाट. मुलीही हे करतात, पण इथे उदाहरणापुरता मेसेज करणारा ‘तो’ धरू.

अशा वेळी बहुतेक जणी आठ-दहा रात्री गप्प बसतात आणि एके रात्री वैतागून किंवा कीव येऊन फोन उचलतात. खरी गोम इथेच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असलं की दाणा पूर्ण बंद झाल्यावरही पक्षी बराच काळ चोच मारत राहतात. दर वेळी दाणा मिळणारे त्या मानाने लवकर थांबतात. दहाव्या रात्री उचललेला फोन त्याला एवढंच सांगतो की नऊ वेळा थांबलं तर दहाव्यांदा जमतं. म्हणून ‘नको’ एकदाच, स्पष्ट सांगायचं आणि नंतर ते मोडायचं नाही.

नेहमी जातो तो मेसेज असा: ‘प्लीज, सध्या मेसेज नको करूस. ऑफिसचं खूप टेन्शन आहे. समजून घे ना.’ यातल्या ‘सध्या’चा अर्थ तो ‘महिन्याभराने चालेल’ असा लावतो. टेन्शनचं कारण दिलं की ‘मग वीकेंडला बोलू’ आलंच. कारण दिलं की वाद घालायला जागा मिळते. त्याऐवजी असं लिहिता येईल:

‘आपलं नातं संपलंय आणि माझा निर्णय बदलणार नाही. यापुढे मला मेसेज किंवा फोन करू नकोस, दिवसाही नाही आणि रात्रीही नाही. आला तरी मी उत्तर देणार नाही आणि नंबर ब्लॉक करेन. तुझं सामान तुझ्या रूममेटकडे पोचवते.’

हे रात्री त्याच्या मेसेजला उत्तर म्हणून पाठवू नये. रविवारी सकाळी अकरा वाजता पाठवावं. रात्रीचं ‘नको’ रागाच्या भरात आलं असं वाटतं आणि संभाषण तिथेच सुरू होतं. फोनवरही नको, कारण समोरून रडणं ऐकू आलं की आवाज मऊ पडतो. लिहिलेलं तो पुन्हा वाचू शकतो.

यात निष्ठुरपणा कुठेच नाही. त्याच्या चुकांची यादी काढणं, त्याचे मेसेज मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून हसणं, हा खरा निष्ठुरपणा. उलट ‘तू खूप चांगला आहेस रे’ ही शेवटची गोड ओळही मला टाळावीशी वाटते. तिचा आधार धरून माणूस आणखी सहा महिने लटकत राहतो.

यानंतरचे काही दिवस त्रास वाढण्याची शक्यता असते. सवयीचं फळ अचानक बंद झालं की आधी प्रयत्नांचा जोर वाढतो. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं तर साधा फोन येतो, तो बंद केला तर इन्स्टाग्राम, आणि काही महाभाग यूपीआयवरून एक रुपया पाठवून खाली ‘बोल ना’ लिहितात. म्हणून सगळीकडे एकदमच ब्लॉक करावं, मात्र आधी स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. नुसतं म्यूट केलं तर रात्री दोनला आपणच चॅट उघडून बघतो. रागाने एकदा चांगलं सुनावावंसं वाटेल, पण शिवी हेही त्याच्या लेखी उत्तरच असतं.

‘मी जिवाचं बरंवाईट करीन’ असा मेसेज आला तर तो खोटा धरू नये. पण रात्रभर समजूत घालत बसणं हे आपलं काम नाही. त्याच क्षणी त्याच्या भावाला किंवा रूममेटला फोन करून तो मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवावा. धोका लगेचचा वाटला तर ११२ लावावा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तोही घरच्यांना द्यावा. त्याच्याजवळ कोणीतरी पोचलं की आपण पुन्हा त्या चॅटमध्ये जायचं नाही.

एवढं करूनही थांबला नाही, तर तो आठवणींनी व्याकूळ झालेला जुना मित्र राहत नाही. स्त्रीने नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हे कलम पुरुषाने स्त्रीला दिलेल्या त्रासापुरतंच आहे. त्रास मुलाला होत असेल, तर धमकीसारखी दुसरी कलमं बघावी लागतात. पोलीस ठाण्यात ‘तू त्याला नको म्हणून सांगितलं होतंस का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तेव्हा रविवारी सकाळी अकराचा तो मेसेज पुढे करता येतो.