हायफन कुणाच्या बाजूचा?

कुरकुंभच्या एमआयडीसीतून आखाती देशांत जाणाऱ्या रसायनाच्या ड्रमसोबत एक माहितीपत्रक जातं. सगळे त्याला एसडीएस म्हणतात. त्यात सोळा विभाग असतात: माल काय आहे, आग लागली तर काय करायचं, अंगावर सांडला तर काय, साठवायचा कसा. अरबी भाषांतर पुण्यातला अनुवादक करून देतो. पानं लावणं, आकडे तपासणं आणि शेवटची पीडीएफ काढणं ही कामं शिरूरला माझ्या टेबलावर होतात. मला अरबी अक्षरओळखीपुरतीच येते, पण या कामात तेवढी पुरते. भाषांतराच्या चुका अनुवादक पाहतो, माझ्या वाट्याला येते ती आकड्यांची उलथापालथ.

ॲसिटोनचं पत्रक घेऊ. प्रत्येक रसायनाला एक कॅस नंबर असतो, ॲसिटोनचा `67-64-1`. तोच नंबर अरबी वाक्याच्या मध्ये आला की असा दिसतो:

```
फाइलमध्ये : 67-64-1
कागदावर   : 1-64-67
```

फाइलमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. आकडे टाइप केले त्याच क्रमाने साठवलेले असतात, उलटतं ते फक्त दिसणं. अरबी-उर्दू उजवीकडून डावीकडे, इंग्रजी-मराठी डावीकडून उजवीकडे आणि दोन्ही एका ओळीत, तेव्हा कोणता तुकडा कुठे बसवायचा हे युनिकोडचे नियम ठरवतात. या कामातली माणसं त्याला ‘बायडी’ म्हणतात. अक्षरांची दिशा पक्की असते. आकडा स्वतः डावीकडूनच वाचला जातो, पण त्याच्या आजूबाजूची चिन्हं कुणाची, हे शेजारी बघून ठरतं. आधीचं अक्षर अरबी असेल तर तिरकी रेघ, टिंब आणि स्वल्पविराम दोन आकड्यांना धरून ठेवतात, हायफन मात्र धरत नाही. तो ओळीच्या दिशेला सामील होतो आणि `67`, `64`, `1` हे तीन सुटे तुकडे उजवीकडून मांडले जातात.

त्यामुळे `12/05/23` ही तारीख अरबी वाक्यात शाबूत राहते आणि `12-05-23` होते `23-05-12`. म्हणजे बारा मे २०२३ला सुधारलेलं पत्रक वाचणाऱ्याला तेवीस मे २०१२चं वाटणार. दोन्ही तारखा खऱ्या वाटतात, म्हणून ही चूक नजरेतून सुटते. कॅस नंबरचं तसं नाही. त्याच्या मधल्या भागात दोनच आकडे असतात आणि शेवटी एकच. `1-64-67` पाहिल्यावर शेवटी दोन आकडे दिसतात, तिथेच थांबायचं. शिवाय त्याचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो: उरलेले आकडे उजवीकडून घेऊन एक, दोन, तीन, चारने गुणायचे. इथे ४, १२, २१ आणि २४, बेरीज ६१, आणि एकक स्थानी १. जुळलं.

आता गंमत अशी, की त्याच पत्रकात हाच नंबर दुसऱ्या ठिकाणी बरोबर दिसतो. तक्त्याच्या चौकटीत तो एकटा असतो, आधी अरबी अक्षर नाही, म्हणून हायफन आकड्यांना धरून राहतो. `CAS 67-64-1` असं लिहिलं तरी तो शाबूत, कारण शेजारी इंग्रजी अक्षरं आहेत. मराठी पत्रकातून ६७-६४-१ तसाच उचलून अरबी वाक्यात टाकला तरीही उलटत नाही! युनिकोडच्या हिशोबात देवनागरी अंकांना ‘अ’ किंवा ‘क’सारखीच डावीकडून उजवीकडे अशी पक्की दिशा आहे. पण ते अंक दुबईच्या गोदामात कोण वाचणार? ते `67-64-1` असे करायला जावं, तर नंबर पुन्हा उलटतो. उर्दूचे अंक घातले तरी सुटका नाही, अरबी लिपीच्या अक्षरामागे तेही तसेच वागतात.

हा नियम करणाऱ्यांना नावं ठेवायचा मोह होतो. पण साठवणुकीचं तापमान बघा. ‘१५ ते २५ अंश’ हे फाइलमध्ये `15-25` असतं आणि अरबी वाक्यात `25-15` दिसतं. अरबी वाचणारा उजवीकडून येतो, त्याला आधी पंधरा भेटतो, मग पंचवीस. त्याच्यासाठी ते बरोबर आहे. तिथे हायफनचा अर्थ ‘ते’ असा आहे, कॅस नंबरात तो नुसता सांधा आहे. संगणकाला हा फरक कळत नाही, तो माणसानेच सांगावा लागतो. म्हणून पत्रकातल्या सगळ्या आकड्यांना सरसकट एकच इलाज करू नये. ‘ते’वाले सोडायचे, सांधेवाले धरायचे.

धरायचं कसं? नंबराच्या अगदी आधी एक न दिसणारं चिन्ह घालायचं. वर्डमध्ये जागा सोडून `200E` टाइप करायचं आणि `Alt+X` दाबायचं. अक्षरं गायब होतात, चिन्ह राहतं. त्याची दिशा डावीकडून उजवीकडे, म्हणून पुढच्या आकड्यांना शेजारी इंग्रजी अक्षर असल्याचा भास होतो आणि हायफन जागेवर बसतो. २०१३ साली युनिकोडने याहून नेटकी सोय आणली, मजकुराला दोन्ही बाजूंनी कुंपण घालणारी `2066` आणि `2069` ही चिन्हं. पण जुनी सॉफ्टवेअरं ती ओळखत नाहीत, म्हणून छापायच्या कामात माझा भरवसा `200E`वरच.

बरेच जण काय करतात, तर दिसताना उलटा दिसतोय म्हणून नंबर उलटा टाइप करतात. कागदावर `67-64-1` छान दिसतो, फाइलमध्ये मात्र `1-64-67` जाऊन बसतो. मग तो शोधला तर सापडत नाही आणि पुढे कुणी तक्त्यात चिकटवला की खरा चेहरा दाखवतो. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये मी हेच आधी तपासतो: फक्त नंबर उचलायचा आणि कोऱ्या नोटपॅडमध्ये टाकायचा. शेजारी कुणी नाही, म्हणजे साठवलेला क्रम दिसतो. छापील बाजू मात्र डोळ्यांनीच तपासावी लागते, मूळ पत्रक शेजारी ठेवून, ओळीखाली पट्टी धरून.

रांजणगावच्या यंत्रांच्या सुट्या भागांची यादी आली की यात आणखी एक पेच पडतो. `40/12-B`सारखा नंबर आकड्याने सुरू होतो आणि अक्षराने संपतो. अरबी वाक्यात तो `B-40/12` होतो, आणि कॅस नंबरसारखा चौकटीत एकटा ठेवला तरी तसाच राहतो, कारण अरबी तक्त्यात चौकटीची दिशाही उजवीकडूनच असते आणि आकडा व अक्षर यांच्यामधला हायफन तिचंच ऐकतो. इथे `200E` तरी घालावं लागतं किंवा त्या चौकटीपुरती परिच्छेदाची दिशा बदलून डावीकडून करावी लागते. काही लेबल छापणारी सॉफ्टवेअरं तर `200E` वाटेतच गाळून टाकतात. अशा लेबलांसाठी मी नंबराची ओळ अरबी मजकुरापासून वेगळी काढतो, तिची दिशा डावीकडून करतो आणि पहिलं लेबल हातात आल्याशिवाय बाकीची छापू देत नाही.